मदत हवी आहे: पगार 84 हजार, पण तासाला खरे किती पडतात?

धायरीकर_मी

धायरीत राहते, खराडीला आयटीत टीम लीड आहे. हातात महिन्याला 84,000 येतात. ऑफर लेटरवर नऊ ते सहा, मधे तासभर जेवण, शनिवार-रविवार सुट्टी. प्रत्यक्षात सहाला उठणारा माणूस आमच्या फ्लोअरवर मी पाहिलेला नाही. आठवड्यातून तीनदा रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल असतो. भाकरी तव्यावर आणि कानात हेडफोन, असं चाललंय.

आता कर्वेनगरमधल्या एका छोट्या कंपनीची ऑफर आलीय. हातात 70,000. "आमच्याकडे आठवड्याला 42 तासांवर काम जात नाही" असं म्हणतात. घरचे म्हणतात, 14 हजार सोडून कोण जातं? म्हणून सहा आठवडे वहीत रोजचे तास लिहिले. जेवणाची वेळ वगळून 48, 51, 50, 52, 52 आणि रिलीजच्या आठवड्यात 71. सरासरी 54.

सण आणि रजा धरून वर्षात 46 आठवडे काम होतं. कागदावरच्या 40 तासांनी तासाला 548 रुपये पडतात, वहीतल्या तासांनी 406. हे बरोबर आहे का? आणि जाण्यायेण्याचा वेळ धरायचा की नाही?

निवांत_पुणेकर

एवढी वही कशाला? पॅकेज भागिले बारा, भागिले 26, भागिले 8. एचआरवालेही हेच करतात. प्रवास धरू नका, तो काय सगळेच करतात.

चाकणवाला

ताई, आमच्या प्लांटला ओटी डबल मिळतो. कायद्यातच आहे. मागच्या महिन्यात मी 30 तास ओटी केला, पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ आली. तुम्ही मागत का नाही? सरळ मेल टाका.

धायरीकर_मी

दादा, आमच्या स्लिपवर तशी ओळच नसते. आणि मी विचारतेय ते ओटी कसा मिळवायचा हे नाही, दोन नोकऱ्यांची तुलना कशी करायची हे.

हिशेबी_काका

चाकणवाल्यांचं अगदीच चूक नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही जादा तासांना दुप्पट दर आहे. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरचा माणूस त्यातून वगळलाय, आणि "टीम लीड" या शब्दावर कंपनी नेमकं तेच बोट ठेवते. तो वाद वेगळा.

निवांत, तुमचा 26 आणि 8 चा भागाकार कागदावरचा दर काढायला ठीक आहे. पण त्यात माणूस आठच तास बसतो हे आधीच गृहीत धरलंय, आणि इथे प्रश्नच तो आहे. शिवाय पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी असते, ती पाच वर्षांच्या आत सोडलं तर बहुधा हाती लागत नाही.

ताई, वही छान ठेवलीत, एक गडबड आहे. रिलीज किती वेळा असतो?

धायरीकर_मी

तीन महिन्यांतून एकदा.

हिशेबी_काका

मग तो सहांत एक धरून चालणार नाही, 46 आठवड्यांत तो चारदाच येतो. बाकीच्या पाच आठवड्यांची सरासरी 50.6 आहे. 42 आठवडे त्या दराने आणि चार आठवडे 71 तासांनी धरले तर वर्षाचे 2409 तास होतात. तुमच्या हिशेबात 2484 होते. स्वतःवर 75 तासांचा अन्याय जास्त लिहिलात. होतं असं, दमलेला माणूस वही उघडतो तेच वाईट आठवड्यात.

आता प्रवास. एकाच नोकरीत राहायचं असेल तर तो धरा न धरा, फरक पडत नाही. दोन नोकऱ्या तोलताना धरावाच लागतो. खराडीला किती वेळ आणि किती खर्च?

धायरीकर_मी

आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, एका बाजूला एक तास दहा मिनिटं. मुंढव्याच्या चौकात अडकले तर देव जाणे. पेट्रोल आणि उशीर झाला की बाहेरून मागवलेलं जेवण मिळून महिन्याला 5,500. कर्वेनगरला रोज जावं लागेल, पण 40 मिनिटं. खर्च 2,500 धरा.

हिशेबी_काका

खराडीचा प्रवास वर्षाला 322 तास, म्हणजे एकूण 2731. वर्षाचे 10,08,000, त्यातून 66,000 खर्च वजा. तासाला 345 रुपये.

कर्वेनगर: 1932 तास काम आणि 307 तास प्रवास, एकूण 2239. 8,40,000 मधून 30,000 वजा. तासाला 362.

म्हणजे कमी पगाराची नोकरी तासाला 17 रुपयांनी वर आहे. पण या 17 रुपयांवर निर्णय घेऊ नका. खरा आकडा पुढे आहे. खराडीत तुम्हाला खर्च जाऊन वर्षाला 1,32,000 जास्त मिळतात आणि त्यासाठी 492 तास जास्त द्यावे लागतात. ते तास तुम्ही 268 रुपयांनी विकताय. सरासरी 345 दिसते, पण रात्री साडेनऊचा तास त्या भावाने जात नाही. तो एक तास 268 ला देणं तुम्हाला परवडतं का, एवढंच बघा.

निवांत_पुणेकर

पीएफ कुठे गेला काका? तो पण आपलाच पैसा.

हिशेबी_काका

बरोबर बोललात. दोन्हीकडे 15,000 वरच कापत असतील तर तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800. कंपनीच्या वाट्यातले 1,250 पेन्शनमध्ये जातात, ते आजच्या तासात कसे मोजायचे यावर माझंच मन अजून ठरत नाही. पण दोन्हीकडे रक्कम सारखी असेल तर वजाबाकीत ती उडते, 268 तसाच राहतो. कर्वेनगरवाले वेगळं कापत असतील तर मात्र पुन्हा मांडा.

रात्रपाळी_नको

आणि फोन उशाशी ठेवून झोपतो ते तास? माझी आठवडाभर ऑन-कॉल पाळी असते. फोन वाजतो दोनदा, झोप मात्र सातही रात्री लागत नाही. मी ते तास पूर्ण धरतो.

हिशेबी_काका

मी वाजलेलेच धरतो. यावर आपलं जमणार नाही.

ताई, एक शेवटचं. हा सगळा डोलारा त्यांच्या 42 तासांवर उभा आहे, आणि तो आकडा मुलाखतीत सांगितलेला आहे. आठवड्याला साधारण साडेचव्वेचाळीस तास झाले की दोन्ही नोकऱ्या तासाला सारख्याच पडतात. अडीच तासांचीच जागा आहे. एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी उशिरा त्यांच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून या.

धायरीकर_मी

जाऊन आले काल. गुरुवार, पावणेआठ. 23 दुचाकींच्या खुणा आखल्यात, चार उभ्या होत्या. वॉचमनकाकांना म्हटलं, लवकर रिकामं होतं की तुमचं! ते म्हणाले, "आज हो. महिनाअखेरीला या."

30 तारखेला परत जाते.