उ.: घरघरणारा एक्झॉस्ट फॅन

> ‘पाती पुसली, तरी बाथरूममधला पंखा घरघरतो आणि हवा ओढत नाही. नवाच घ्यावा का?’

इतक्यात घेऊ नका. एमसीबी बंद करून पाते बोटाने फिरवून पाहावे. ते लगेच थांबत असेल, तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, कोरडा पडला आहे किंवा मळाने अडला आहे. दांडा आडवा हलत असेल, तर बुश झिजला असून तो बदलावाच लागेल. आमच्याकडे पाते अर्धा फेराही घेत नव्हते. पाते काढल्यावर दांड्याभोवती केस आणि पावडरीचा काळा चिकटा सापडला. तो रॉकेलच्या फडक्याने पुसून, रॉकेल उडून गेल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडले आणि घरघर थांबली. (खोबरेल तेल घालू नये, ते थंडीत गोठते.)

याउलट, पाते हाताने मोकळे फिरते, पण वीज दिल्यावर रेंगाळते किंवा नुसते गुणगुणते, तेव्हा संशय कपॅसिटरवर घ्यावा. नवा कपॅसिटर जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आकड्याचाच आणावा, व्होल्टेज मात्र कमी नसावे. काही लहान पंख्यांत कपॅसिटर नसतोच. पाती पुसताना मागच्या कडाही खरवडाव्यात, कारण एकाच पात्यावर थर उरला, तरी तोल जाऊन पंखा थरथरतो.