मदत हवी: बोनमॅरोसाठी समाजातली पोरं तयार आहेत, तरी डॉक्टर तपासत नाहीत

आरमोरीकर
पुतण्याले अप्लास्टिक ॲनिमिया निघाला, वय 14. नागपूरच्या डॉक्टरनं बोनमॅरो बदला म्हणून सांगतलं. सख्ख्या भावाची तपासणी झाली तर म्हणे मॅच नाही. दोघाईचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, मंग काहून नाही? गावात आमच्याच समाजाचे पोट्टे तयार बसले आहेत, पण डॉक्टर त्याईले तपासत नाही, बाहेर देशात शोधू म्हणतात. गोऱ्या माणसाचं आमच्या पोराले कसं चालन? कोणती टेस्ट करायची, कुठं, किती लागते, तेवढंच सांगा. घाई आहे.

काकाची_किडनी
आमच्या काकांचं रक्तगट बघूनच काम झालं होतं. काकूंची किडनी बसली, बाकी काही फारसं जुळत नव्हतं. आज काका शेतावर जातात. डॉक्टर बदलून बघा.

पेशीवाला
किडनीचा हिशोब इथं लावू नका. किडनीत रक्तगट आधी बघतात, मग रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची अँटिबॉडी आहे का ते क्रॉसमॅचने तपासतात. ऊतींचे प्रकार कमी जुळले तरी औषधांवर निभावतं. बोनमॅरोत उलटं असतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या अंगात राहायला येतात आणि त्याच्याच त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर तुटून पडू शकतात. तिथं रक्तगट वेगळा असला तरी चालतो, पुढे रुग्णाचा गट बदलून दात्याचा होतो. एचएलए, म्हणजे तेच ऊतींचे प्रकार, मात्र शक्यतो पूर्ण जुळावे लागतात.

आरमोरीकर, रिपोर्ट जसाच्या तसा टाका, नाव झाकून. मुलाला आजवर कोणाकोणाचं रक्त चढवलं? आणि आई-वडील नात्यातले आहेत का?

आरमोरीकर
नात्याचं काय काम इथं? रक्त तर मामा, मी, गावातले पोट्टे, सगळे देऊन राहिले. रिपोर्ट हा:

```
रुग्ण: A*01,24  B*57,40  C*06,15  DRB1*07,15  DQB1*03,06
भाऊ : A*11,24  B*35,40  C*04,15  DRB1*14,15  DQB1*05,06
```

वैनगंगा_55
डॉक्टरांचं बरोबर नाही. असे प्रकार जातीनुसार चालतात, लग्नं जातीतच होतात ना. समाजातल्या दात्यांची वेगळी रजिस्ट्री काढली की आठवड्यात दाता सापडेल. शिबिर लावा.

पेशीवाला
वैनगंगा, अर्धं बरोबर आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली की काही संच त्या लोकांत जास्त दिसतात, हे खरं. पण प्रयोगशाळेत जात तपासत नाहीत, ही अक्षरं आणि आकडे तपासतात. रिपोर्टच बघा. दोघं सख्खे भाऊ, जात एक, घर एक, तरी दहापैकी पाचच जुळतात. वडिलांकडून एक संच येतो, आईकडून एक. भावाला दोन्ही तेच मिळण्याची शक्यता चारात एक, एकही न मिळण्याची चारात एक, आणि अर्धं जुळण्याची दोनात एक. सख्ख्यात ही गत, तर समाजातल्या पोरांना जातीच्या नावावर काय हमी?

आरमोरीकर, आधी एक तातडीचं. नातेवाइकांची पिशवी थेट मुलाला चढवणं आजच थांबवा. घरच्यांच्या पेशींविरुद्ध त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या, तर उद्या घरातलाच दाता निघाला तरी त्याच्या पेशी रुजणं अवघड होतं. मामांनी रक्तपेढीत द्यावं, मुलाला दुसऱ्या कुणाचं घ्यावं, आणि ते ल्यूकोफिल्टरने पांढऱ्या पेशी गाळलेलं व किरणोत्सर्ग दिलेलं आहे का हे प्रत्येक वेळी विचारावं.

आता रिपोर्टचं. हा दोन आकडी आहे, यावर दाता ठरवता येत नाही. B*40 मध्ये B*40:01 येतो आणि B*40:06 पण. पहिला युरोपात आणि चीनकडे जास्त, दुसरा आपल्याकडे जास्त. दोन आकडी कागदावर दोघं सारखेच दिसतात. चार आकडी तपासणी करून घ्या. पांढऱ्या पेशी कमी असल्याने रक्तातून डीएनए पुरेसा निघाला नाही तर गालाच्या आतला स्वॅब द्यायचा.

आरमोरीकर
रक्ताचं कोणीच सांगतलं नव्हतं. डॉक्टरले विचारलं, म्हणे बरोबर आहे, थांबवा. चार आकडी रिपोर्ट त्याईच्याकडं पहिलेच होता, मले झेरॉक्स दुसराच भेटला होता:

```
रुग्ण: A*01:01,24:02  B*57:01,40:06  C*06:02,15:02
       DRB1*07:01,15:01  DQB1*03:03,06:01
```

वहिनी आमच्या मामाचीच पोरगी आहे. त्याचं काय?

पेशीवाला
त्याचंच तर काम आहे. भावाशी A*24, B*40, C*15, DRB1*15 आणि DQB1*06 हे पाचही एकत्र जुळले, म्हणजे तो एक अख्खा संच आहे. उरलेला A*01:01, B*57:01, C*06:02, DRB1*07:01, DQB1*03:03 हा दुसरा. एक वडिलांकडून आला, एक आईकडून. आई-वडील आते-मामे भावंडं, म्हणजे त्यांच्यात एखादा संच सामाईक असू शकतो. समजा आईने दिलेला संच वडिलांच्याही अंगात, मुलाला न दिलेला असा पडून आहे. तर वडील दहापैकी दहा जुळतात. एरवी आई-बाप अर्धेच जुळतात. म्हणून गावातल्या पोरांआधी आई-वडिलांची चार आकडी तपासणी करा, मग मामांच्या आणि आत्याच्या घरच्यांची.

गोऱ्या माणसाचं म्हणाल, तर दुसरा संच युरोपातही चांगला आढळतो. तो जर्मनीतल्या माणसात सापडला तर अर्धं काम झालं. अडतो तो पहिला, B*40:06 वाला. तो तिकडच्या दात्यांच्या यादीत असायला इकडचे लोक त्या यादीत हवेत, कुठल्याही देशात राहत असोत.

सातपुडा
अमेरिकेत 2014 साली आकडे आले होते. युरोपीय वंशाच्या गोऱ्यांना पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के, दक्षिण आणि मध्य अमेरिकी मुळाच्या कृष्णवर्णीयांना 16 टक्के. म्हणजे शेवटी वंशच आला ना?

पेशीवाला
नाही. तो फरक दोन कारणांनी येतो. एक, यादीत नोंदलेले कोण आहेत. दुसरं, आफ्रिकी मुळाच्या लोकांत संचांची विविधताच मोठी, त्यामुळे तेवढ्याच नोंदणीत जुळणी कमी होते. रंगावरून फार तर कुठं शोधायचं याचा अंदाज येतो. दाता नक्की होतो तो आकड्यांवरच, आणि तेही त्याचा ताजा नमुना पुन्हा तपासून.

वैनगंगा_55
मग शिबिर लावायचं नाही का? पोरं तयार आहेत, त्यांना घरी पाठवायचं?

पेशीवाला
लावा. दात्री किंवा डीकेएमएस इंडिया या दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थांना कळवा, ते गालाचा स्वॅब घेतात आणि आकडे जगभरच्या शोधात येतात. फक्त ह्याच मुलाला मिळेल अशी आशा लावू नका. ज्याचं जुळलं त्याने ऐनवेळी माघार घेतली तर रुग्णाचं काय होतं, हेही आधी सांगा. गावातून नावं पन्नास लिहिली जातात आणि फोन आला की घरचे अडवतात, ही अडचण मोठी आहे.

काकाची_किडनी
पण मधुमेह असला तर किडनी देता येते का? काकूंना आता साखर निघाली आहे.

पेशीवाला
ते दुसऱ्या धाग्यात विचारा.

आरमोरीकर
मायबापाचे नमुने आज दिले. डॉक्टर म्हणते, नाहीच जुळलं तर अर्ध्या मॅचवर भाऊ चालन, नंतर सायक्लोफॉस्फामाइड देतात. हे खरं का? का थांबाव बाहेरच्यासाठी?

पेशीवाला
खरं आहे, पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते औषध देतात. पण आधी मुलाच्या रक्तात भावाविरुद्धची अँटिबॉडी आहे का ती तपासणी मागा. इतक्या नातेवाइकांचं रक्त गेलंय, म्हणून मुद्दाम सांगतो. थांबायचं की नाही, हे त्याच्या पेशींचा आकडा आणि जंतुसंसर्ग किती येतात यावर आहे. मी इथून सांगू शकत नाही.

सातपुडा
आई-वडिलांचा रिपोर्ट आला की इथं टाका.