मदत हवी आहे: सीपॅप सुरू केल्यावर वडिलांचा ‘सेंट्रल’ ॲप्निया वाढलेला दिसतो, यंत्र बदलावे का?

मृण्मयी_मिरज

माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. दिवाळीनंतर जिना चढताना त्यांना धाप लागू लागली आणि ईसीजीत ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, निघाले. त्या दिवशी नाडी १२० च्या आसपास होती आणि तेव्हाच केलेल्या टू-डी इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर टाकत असलेल्या रक्ताचे प्रमाण, ३५ टक्के आले. नाडीचा वेग कमी करणाऱ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी शॉक देऊन ठोके नियमित केले, परंतु दीड महिन्यात ते पुन्हा बिघडले. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी आईला विचारले, की झोपेत यांचा श्वास थांबतो का. आई म्हणाली, “वीस वर्षे थांबतोय, मीच हलवते.” वडिलांना दिवसा कधी पेंग येत नसल्यामुळे आम्ही त्याकडे निव्वळ घोरणे म्हणून पाहत आलो होतो.

झोपेच्या तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडखळल्याचे दिसले: २१ वेळा घसा बंद झाल्यामुळे, ५ वेळा सेंट्रल, म्हणजे घसा उघडा असूनही श्वास न घेतल्यामुळे, आणि उरलेल्या १२ वेळा श्वास केवळ उथळ झाल्यामुळे. ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरत होता. त्यावर मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे, ४ ते २० दाबाचे ऑटो सीपॅप यंत्र देण्यात आले. तीन आठवडे ते रोज सुमारे पाच तास लावतात आणि घोरणे थांबले आहे, परंतु यंत्राच्या पडद्यावर AHI, म्हणजे तासाला श्वास अडखळण्याचा आकडा, १४ दिसतो आणि त्यातील CA, म्हणजे सेंट्रलचा आकडा, १० आहे. यंत्र देणारे गृहस्थ म्हणतात, की याऐवजी एएसव्ही यंत्र घ्या, ते श्वास थांबला की स्वतःच श्वास देते. त्याची किंमत कितीतरी पट आहे. खर्चाची तयारी आहे, परंतु हृदय अशक्त असताना ते योग्य आहे का?

विलासराव_को

माझ्या मामांना हाच त्रास होता. शॉकनंतर वर्षभरात फिब्रिलेशन परत येण्याचे प्रमाण ॲप्नियावर उपचार न घेणाऱ्यांत ८२ टक्के आणि उपचार घेणाऱ्यांत ४२ टक्के होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्यामुळे जे यंत्र आकडा शून्यावर आणेल ते घ्यावे. मामांचे ठोके नीट झाल्यावर त्यांनी रक्त पातळ करणारी गोळीही बंद केली आणि त्यांना काही झाले नाही.

शुभदा_नांदेड

आमच्याकडे वीज गेली की सीपॅप बंद पडत असे, म्हणून आम्ही छोटा इन्व्हर्टर घेतला. शिवाय माझा ॲप्निया सौम्य असल्यामुळे दंतवैद्यांनी खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून दिली आणि माझे यंत्र सुटले. वडिलांसाठी तिचाही विचार करावा.

निद्रालय_तंत्रज्ञ

मी अकरा वर्षे स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे दाब किंवा औषधे यांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. जबड्याच्या पट्टीने घसा उघडा राहतो. येथे तक्रार उरली आहे ती घसा उघडा असूनही श्वास न घेतला जाण्याची, म्हणून ती पट्टी येथे उपयोगी पडणार नाही.

प्रथम एएसव्हीबद्दल. २०१५ मध्ये सर्व्ह-एचएफ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्के किंवा कमी आणि प्रामुख्याने सेंट्रल ॲप्निया असलेले १३२५ रुग्ण होते. श्वास सुधारला, आकडा उत्तम दिसू लागला, आणि तरीही एएसव्ही गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले: सुमारे ३० टक्के, तर दुसऱ्या गटात २४ टक्के. तुमच्या वडिलांचा मूळ आजार घसा बंद होण्याचा आहे, म्हणून ते तंतोतंत त्या गटात बसत नाहीत. नंतरच्या ॲडव्हेंट-एचएफ चाचणीत वेगळ्या यंत्राने असा अपाय दिसला नाही, पण विशेष लाभही दिसला नाही. तरी ३५ टक्के इजेक्शन फ्रॅक्शन असताना केवळ पडद्यावरील आकडा पाहून एएसव्ही घेणे मला धोक्याचे वाटते.

आता हा आकडा कशाचा आहे ते पाहू. लॅबमध्ये आम्ही छाती आणि पोटावर पट्टे बांधतो. घसा बंद असेल तर माणूस आत ओढत राहतो आणि पट्टे हलतात. सेंट्रलमध्ये ते स्तब्ध असतात. घरच्या यंत्राला पट्टे नसतात. श्वास थांबला की ते हवेची बारीक कंपने सोडून घसा उघडा आहे का हे तपासते आणि उघडा वाटल्यास CA असे नोंदवते. मास्कमधून हवा गळत असेल किंवा वडील जागेपणी कूस बदलत असतील, तर ही नोंद भरवशाची राहत नाही.

नोंद खरी असेल तर कारण बहुधा दुर्बळ हृदयात आहे. रक्त फुप्फुसापासून मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते, त्यामुळे मेंदूला कार्बन डायऑक्साइडची बातमी शिळी मिळते. तो जास्त श्वास घ्यायला लावतो, कार्बन डायऑक्साइड फार उतरतो, आणि मग श्वास घ्यायचेच थांबते. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर हे वाढू शकते. सीपॅप सुरू केल्यावर वाढलेला सेंट्रल ॲप्निया पुष्कळांमध्ये काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप कमी होते.

यंत्रात ‘Leak’ आणि ‘95%’ दाब असे दोन आकडे दिसतील. ते कृपया कळवा.

विलासराव, तुमचा ८२ आणि ४२ चा आकडा खरा आहे, परंतु तेथे उपचार चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. यंत्र नेटाने लावणारा माणूस औषधेही नेटाने घेत असावा. २०२१ च्या नॉर्वेतील चाचणीत ते तसे वाटले गेले, आणि पाच महिन्यांच्या सीपॅपने फिब्रिलेशनचा एकूण वेळ कमी झाला नाही. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतील दाब खाली जाऊन पातळ भिंतीचा कर्णिका-कप्पा ताणला जातो, हे मी नाकारत नाही. परंतु वर्षानुवर्षे ताणलेला कप्पा काही महिन्यांत पूर्ववत होत नसावा, असे मला वाटते. गोळी मात्र पक्षाघात टाळण्यासाठी असते आणि ती वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बळता यांवरून ठरते. ठोके नियमित झाले म्हणून ती थांबवता येत नाही. कृपया मामांना डॉक्टरांकडे पाठवा.

विलासराव_को

गोळीबद्दल मी मामांशी आजच बोलतो. तरी माझा अनुभव असा आहे, की यंत्र लावल्यापासून त्यांना धडधड जाणवलेली नाही.

मृण्मयी_मिरज

95% दाब १६.२ आहे आणि गळती बऱ्याच रात्री लाल खुणेच्या वर जाते. वडिलांना दाट मिशा आहेत आणि पहाटे त्यांचे तोंड उघडते.

निद्रालय_तंत्रज्ञ

मग आधी मास्क बदलून पाहणे रास्त होईल. दाबाची वरची मर्यादा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा; ती स्वतः बदलू नका, कारण फार उतरवल्यास घसा पुन्हा बंद होऊ लागेल. इको पुन्हा करण्याबद्दलही विचारा. १२० च्या अनियमित नाडीवर मोजलेले ३५ टक्के ही त्यांची खरी क्षमता नसू शकते. वेग काबूत राहिल्यावर काही महिन्यांत ती काहींमध्ये चांगली सुधारते. त्यानंतरही CA टिकून राहिला, तर मास्क लावूनच लॅबमध्ये रात्रभर तपासणी करावी लागेल.

मृण्मयी_मिरज (सोळा दिवसांनी)

तोंडासह नाक झाकणारा मास्क घेतला आणि डॉक्टरांनी दाब ७ ते १२ केला. गळती थांबली आहे. गेल्या आठवड्यात AHI सरासरी ८ आणि CA ५ आहे, म्हणजे सेंट्रलचा आकडा पहिल्या तपासणीइतकाच झाला. एएसव्ही सध्या नको, असे त्यांनीही सांगितले. फिब्रिलेशन कायम आहे, परंतु नाडी ७८ असते. इको पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर पुन्हा शॉक द्यावा की ठोके बिघडवणाऱ्या हृदयाच्या भागावर डाग देणारे ॲब्लेशन करावे, यावर आमच्या दोन डॉक्टरांचे एकमत नाही. ज्यांच्या घरी सीपॅप सुरू असताना ॲब्लेशन झाले आहे त्यांनी कृपया लिहावे.