मदत हवी आहे : चौकातील हंडीच्या दोन दोरांवरील ताण हिशेबात एक आणि तानकाट्यावर दुसराच

मंगळवारपेठकर

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. त्याच्या चौकात आजोबांच्या काळापासून एक पितळी हंडी मधल्या तुळईला साखळीने टांगलेली असे. दुरुस्तीत ती तुळई काढावी लागली, म्हणून आता समोरासमोरच्या दोन तुळयांना आकडे बसवून दोन दोरांवर हंडी टांगायची आहे. दोन्ही आकडे एकाच उंचीवर आहेत (गवंड्याने पाण्याच्या नळीने पातळी पाहिली आहे) आणि त्यांच्यातील अंतर बरोबर ३ मीटर आहे. चौकाच्या मध्यभागी तुळशीवृंदावन असल्याने हंडी मुद्दाम एका बाजूला घेतली आहे. त्यामुळे एक दोर १.८० मीटर आणि दुसरा २.४० मीटर लांबीचा झाला. दोन्ही दोर स्वतंत्र असून हंडीच्या वरच्या कड्याला पक्क्या गाठीने बांधले आहेत. लक्ष्मीपुरीत धान्याच्या काट्यावर हंडी तोलली, ती २० किलो भरली.

माझा भाचा अकरावीला शास्त्र शाखेत शिकतो. त्याने हंडीच्या गाठीपाशी ओळंबा धरून कोनमापकाने कोन मोजले. आखूड दोराचा कोन ३७ अंश आणि लांब दोराचा ५३ अंश आला. त्याच्या वहीतील सूत्र असे आहे : एका दोरातील ताण म्हणजे वजन गुणिले दुसऱ्या दोराच्या कोनाचा कोसाइन, भागिले दोन्ही कोनांच्या बेरजेचा साइन. त्याप्रमाणे आखूड दोरावर १२ किलो आणि लांब दोरावर १६ किलो असे उत्तर आले.

खात्री करावी म्हणून मी तानकाटा आणला. काटा एकच असल्यामुळे तो आधी आखूड दोरात बांधला, तेव्हा पावणेपंधरा किलो दिसले. मग तो काढून लांब दोरात बांधला, तेव्हा पावणेदहा दिसले. म्हणजे वहीत लांब दोर जास्त ओढला जातो आणि काट्यावर आखूड. शिवाय वहीतली बेरीज २८ येते, काट्यावरची साडेचोवीस येते आणि हंडी तर २० किलोचीच आहे. यात खरे काय मानावे, आणि जाड दोर कोणत्या बाजूला लावावा?

हिशेबी_कळंबा

आपला तानकाटा बिघडलेला असावा, आणि भाच्याचे सूत्रही बाजूला ठेवावे. वीस किलोची वस्तू दोघांनी उचलली तर दोघांचा भार मिळून वीसच होणार, अठ्ठावीस कसा होईल? कावडीचा हिशेब लावून पाहा. दोन्ही दोरांची लांबी आणि आकड्यांमधील अंतर यांवरून हंडी आखूड बाजूच्या आकड्यापासून आडव्या अंतराने १.०८ मीटरवर आणि दुसऱ्यापासून १.९२ मीटरवर येते. जो आकडा जवळ त्याच्यावर जास्त भार, या न्यायाने जवळच्या बाजूला १२.८ किलो आणि लांबच्या बाजूला ७.२ किलो येतात. बेरीज बरोबर २०. प्रश्न संपला.

तालमीचा_गडी

आमच्या तालमीत देवाच्या फोटोसमोर दिवा असाच दोन बाजूंना दोर बांधून टांगला आहे, पण आम्ही एकच दोर दिव्याच्या कडीतून ओवून घेतला. सुरुवातीला दिवा एका कोपऱ्याकडे ठेवला होता, तो आपोआप सरकत मध्यावर येऊन थांबला. तुमची हंडीसुद्धा रात्रीत मध्यावर सरकेल, आधी तेवढे पाहून घ्या. आम्ही ताण वगैरे कधी मोजला नाही आणि दिवा दोन वर्षे जागेवर आहे.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

तालमीच्या दिव्याची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळ्या मांडणीची आहे. कडीतून दोर मोकळा सरकत असेल तर तो एकच दोर राहतो, त्याच्या दोन्ही बाजूंना ताण सारखाच असतो आणि दोन्ही बाजूंचे कोनही सारखे होईपर्यंत दिवा सरकतो. येथे दोन स्वतंत्र दोर गाठीने बांधले आहेत, म्हणून हंडी सरकणार नाही आणि ताणही सारखे असणार नाहीत.

कळंबेकरांचा कावडीचा हिशेब चुकलेला नाही, तो अर्ध्यावर थांबला आहे. १२.८ आणि ७.२ हा प्रत्येक आकड्यावर सरळ खाली येणारा भार आहे, आणि दोन्ही आकडे एका पातळीत आहेत म्हणूनच तो इतक्या सोप्या रीतीने निघाला. कावडीची दोरी उभी लोंबते, म्हणून तिच्यात तेवढाच ताण असतो. हंडीचा दोर तिरपा आहे. वजन पेलताना तो हंडीला आपल्या बाजूलाही ओढतो, आणि ही आडवी ओढ दुसऱ्या दोराच्या आडव्या ओढीने नेमकी फिटली नाही तर हंडी जागेवर राहणार नाही. दोरातील ताण म्हणजे उभा भार आणि आडवी ओढ यांची मिळून होणारी तिरपी ओढ. आकड्यांच्या रेषेपासून हंडीची गाठ १.४४ मीटर खाली येते, म्हणजे १.८० मीटरचा आखूड दोर १.४४ मीटर उतरतो. १२.८ ला १.८० ने गुणून १.४४ ने भागा, १६ मिळतात. लांब दोरासाठी ७.२ गुणिले २.४० भागिले १.४४ केले की १२ मिळतात. आडवी ओढ दोन्हीकडे ९.६ किलो येते आणि एकमेकींना फेडते. बेरीज २८ येते यात नवल नाही, कारण ताणांची साधी बेरीज वजनाइतकी येण्याचे बंधन केवळ उभ्या भागांना आहे.

म्हणजे खरे उत्तर आखूड दोरावर १६ आणि लांब दोरावर १२. भाच्याचे आकडे बरोबर आले, पण बाजू उलटल्या. ओळंब्यापासून मोजलेला कोन हा उभ्या रेषेपासूनचा कोन असतो, आणि वहीतील सूत्र बहुतेक आडव्या रेषेपासूनच्या कोनांसाठी लिहिलेले असणार. आडव्यापासून पाहिले तर आखूड दोराचा कोन ५३ आणि लांब दोराचा ३७. एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. आपले दोन्ही दोर योगायोगाने एकमेकांशी काटकोन करतात (१.८, २.४ आणि ३ ही ३, ४, ५ चीच पट आहे), म्हणून चूक होऊनही नुसती अदलाबदल झाली. कोन वेगळे असते तर याच चुकीने आलेले आकडे खऱ्या ताणांशी जुळलेच नसते.

अशी चूक पकडायची असेल तर उभ्या भागांची बेरीज पुरेशी नाही. भाच्याच्या उत्तरात ती १९.२ येते, आणि २० च्या इतक्या जवळचा आकडा पाहून मोजण्यातला फरक म्हणून कोणीही सोडून देईल. आडव्या ओढी पाहाव्यात. त्याच्या उत्तरात एकीकडे ७.२ आणि दुसरीकडे १२.८ येतात, म्हणजे हंडी लांब दोराच्या बाजूला निघून गेली पाहिजे. जो दोर अधिक उभा असतो त्याचा आडवा वाटा थोडा असतो, म्हणून दुसऱ्याची आडवी ओढ फेडायला त्याला एकूण जास्त ओढावे लागते. त्यामुळे अशा दोन दोरांत अधिक उभ्या दोरावर नेहमीच अधिक ताण असतो. दोराची लांबी स्वतःहून काही ठरवत नाही.

आता तानकाट्याविषयी. तो बिघडलेला असेल असे मला वाटत नाही. काटा बांधताना दोर तेवढाच आखूड केला होता, की होता त्याच दोरात काटा वाढवला?

मंगळवारपेठकर

दोर आखूड केला नव्हता. आकडा आणि दोर यांच्यामध्ये काटा अडकवला. भार आल्यावर त्याची वरच्या कडीपासून खालच्या आकड्यापर्यंतची लांबी २५ सेंटिमीटर भरते. ओळंब्याचा मुद्दा भाच्याला दाखवला. वहीतल्या आकृतीत कोन छताच्या रेषेपाशी दाखवले आहेत, हे त्याने लगेच मान्य केले.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

मग तानकाट्याने खरेच सांगितले, पण ते दुसऱ्याच मांडणीविषयी सांगितले. काटा आखूड दोरात असताना ती बाजू २.०५ मीटरची झाली, हंडी १.६३ मीटर खाली उतरली आणि मध्याकडे सरकली. त्या आकृतीचा हिशेब केला तर त्या बाजूला सुमारे १४.७ किलो येतात. काटा लांब दोरात गेल्यावर ती बाजू २.६५ मीटरची झाली आणि तिच्यात सुमारे ९.७ किलो येतात. आपण वाचलेले पावणेपंधरा आणि पावणेदहा हेच आहेत. दोन्ही वाचने दोन वेगळ्या आकृत्यांची असल्याने त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. दोर काट्याच्या लांबीइतका आखूड करून, हंडी पूर्वीच्याच जागी आली आहे हे जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर ओळंबा सोडून पाहून, पुन्हा मोजावे.

राजारामपुरीकर_ताई

आमच्याकडेही अशीच हंडी लावायची आहे, पण दीड मीटर खाली आली तर येताजाता डोक्याला लागेल. दोर ताणून ती वर घेतली तर चालेल ना? वजन तर तेवढेच राहणार.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

ताई, वजन तेवढेच राहील, पण ताण फार वाढेल. हीच २० किलोची हंडी ३ मीटर अंतरात मधोमध घेऊन आकड्यांच्या रेषेपासून फक्त २६ सेंटिमीटर खाली ठेवली, तर दोर आडव्यापासून सुमारे १० अंशांवर येतात आणि प्रत्येकात सुमारे साडेअठ्ठावन्न किलोचा ताण येतो. दोर पूर्ण आडवा होईपर्यंत ओढता येतच नाही, त्याआधी काहीतरी तुटते. उंची हवी असेल तर आकडे वर न्यावेत किंवा मध्ये तुळई घालावी.

हिशेबी_कळंबा

आडव्या ओढीचा विचार मी केला नव्हता, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच. आकडा लाकडात वरून खाली ठोकलेला असेल तर ९.६ किलोची आडवी ओढ तो किती दिवस धरेल? १६ किलो ताणाला साजेसा दोर घेतला म्हणून आकडा टिकेलच असे नाही.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

हा मुद्दा योग्य आहे आणि त्याचे उत्तर मला येथे बसून देता येणार नाही. जुन्या तुळईचे लाकूड आतून कसे आहे ते सुताराने टोचून पाहिल्याशिवाय कळत नाही. आकडा तुळईच्या आरपार जाणाऱ्या बोल्टचा असावा आणि पलीकडून वॉशर आणि नट लावलेला असावा, एवढे मी आग्रहाने सांगेन. दोन्हीकडे एकच जाडीचा दोर लावा, म्हणजे पुढे कोणी बाजू बदलून बांधले तरी बिघडणार नाही. गाठीपाशी दोराची ताकद बरीच घटते, म्हणून दोर १६ किलोच्या कितीतरी पट क्षमतेचा घ्यावा.

मंगळवारपेठकर

काल संध्याकाळी दोर २५ सेंटिमीटर कमी करून आणि खडूच्या खुणेवर ओळंबा जुळवून पुन्हा मोजले. आखूड दोरात १६ किलो दिसले. लांब दोरात सव्वाबारा दिसले आणि तीनदा मोजूनही तेवढेच आले. भाच्याचे म्हणणे आहे की काट्याचे स्वतःचे वजन त्यात मिसळत असेल. मला वाटते की दोर एक-दोन सेंटिमीटर आखूड झाला असेल. सुतार रविवारी तुळई पाहायला येणार आहे, तोपर्यंत हंडी उतरवून ठेवली आहे.