दुखवटा जाहीर झाला म्हणजे सुट्टी झाली का? आणि खरं-खोटं बघायचं कुठं?

त्रिमूर्तीनगरकर:
कोणी मोठा माणूस गेला की रात्रीच ग्रुपवर "उद्या राज्यात सार्वजनिक सुट्टी" असं पत्र फिरतं. सकाळी अर्धं ऑफिस येतं, अर्धं घरी बसतं. सरकारनेच एकदा नियम करून टाकावा, दुखवटा म्हणजे सुट्टी. तोपर्यंत जे पत्र आधी येईल तेच मानायचं, दुसरा इलाज काय?

जुना अव्वल कारकून:
आधी आलेलं पत्र मानायचं, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. सत्तावीस वर्षं महसुलात काढली, त्यातली बरीच आवक-जावकच्या टेबलावर.

दुखवट्याचा आदेश आणि सुट्टीचा आदेश हे दोन वेगळे कागद आहेत. दुखवट्याच्या कागदात काय असतं? ध्वज अर्ध्यावर राहील, शासकीय मनोरंजनाचे कार्यक्रम होणार नाहीत. बस. 10 ऑक्टोबर 2024 आठवा. रतन टाटा आदल्या रात्री गेले होते, राज्यात एक दिवसाचा दुखवटा होता, पण कार्यालयं उघडी होती. त्याच डिसेंबरात मनमोहन सिंग गेले तेव्हा राष्ट्रीय दुखवटा सात दिवसांचा होता. सात दिवस कोणाला सुट्टी मिळाली? केंद्राच्या कार्यालयांना अंत्यसंस्काराच्या दिवशी, 28 तारखेला, अर्धा दिवस. तोही शनिवार होता.

आता उलटं उदाहरण. लता मंगेशकर 6 फेब्रुवारी 2022 ला गेल्या, रविवारी. राष्ट्रीय दुखवटा दोन दिवसांचा, म्हणजे टाटांच्या वेळेपेक्षा एकच दिवस जास्त. पण राज्य सरकारने सोमवारी 7 तारखेला सार्वजनिक सुट्टी दिली, आणि ती दुखवट्यामुळे आपोआप लागली नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 खाली वेगळी घोषणा करावी लागली. तुमच्या हातात पत्र आलं की पहिल्यांदा हेच कलम शोधा. ते नसेल तर ती सार्वजनिक सुट्टी नाही, खाली कोणाचीही सही असो.

इतवारीचा व्यापारी:
एवढं कलम-बिलम कशाला पाहायचं? बँक बंद तर सुट्टी, बँक सुरू तर नाही. आणि बँक रिझर्व्ह बँकेचं ऐकते, राज्याचं नाही. मी वीस वर्षं तेवढंच पाहतो, कधी अडलं नाही.

जुना अव्वल कारकून:
अर्धं बरोबर आहे तुमचं. रिझर्व्ह बँकेची यादी पाहावी, आणि त्यात मुंबई, बेलापूर, नागपूर वेगवेगळे असतात, आपण नागपूरच पाहावं. पण ती यादी येते कुठून? 2022 च्या त्या रविवारी राज्याने कलम 25 ची सुट्टी दिली म्हणून रिझर्व्ह बँकेने कळवलं की सोमवारी सरकारी रोखे आणि परकीय चलनाचे व्यवहार होणार नाहीत. पतधोरण समितीची बैठकसुद्धा एक दिवस पुढे गेली. म्हणजे आधी राज्याचा कागद, मग बँक. आणि शेअर बाजार त्याच सोमवारी सुरू होता. बाजाराकडे पाहून सुट्टी ठरवणारा त्या दिवशी फसला असता.

बँकेचं दार पाहून स्थानिक सुट्टी तर कळतच नाही. मारबतीच्या दिवशी जिल्हाधिकारी सुट्टी देतात तेव्हा आदेशाच्या शेवटी एक ओळ असते, की हा आदेश बँका, केंद्र शासनाची कार्यालयं आणि न्यायालयांना लागू नाही. तहसील बंद आणि शेजारची बँक सुरू, हे दरवर्षी होतं.

इतवारीचा व्यापारी:
बरं, मारबतीचं मानलं. पण माझी तक्रार दुसरी आहे. गेल्या वर्षी 8 सप्टेंबरला माझा पोरगा दुकानात आलाच नाही, म्हणे ईदची सुट्टी सोमवारी केली. कागद खरा होता हो! कलम, सही, सगळं होतं.

जुना अव्वल कारकून:
कागद खराच होता, पण तो बदल मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरता होता. आपल्याकडे 5 तारीखच कायम होती. म्हणून कलम सापडलं की पुढची ओळ वाचायची, कोणत्या भागासाठी. लोक मथळा वाचून पुढे ढकलतात आणि भागाची ओळ तिसऱ्या परिच्छेदात असते.

मास्तरीण, वर्धा रोड:
हे सगळं ठीक आहे, पण पावसाच्या सुट्टीचं काय? सकाळी सहाला मुलं रिक्षात बसतात आणि साडेसहाला जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येतं. मागे मी चिखलातून शाळेत पोचले, फाटकाला कुलूप. त्यात कलम 25 कुठं असतं?

जुना अव्वल कारकून:
नसतंच, ताई. ते आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली असतं आणि शाळा-अंगणवाड्यांपुरतं असतं. तुमचा प्रश्न खरा आहे, पण या चर्चेचा नाही. nagpur.gov.in वर पाहा आणि मुख्याध्यापकांना फोन करा.

बुटीबोरी फिटर:
दुखवटा नि ईद राहू द्या भाऊ. मतदानाच्या सुट्टीचं कोणी बोलून नाही राहिलं. मी सेलूचा, वर्धा जिल्हा. काम बुटीबोरीत. लोकसभेला नागपूरचं मतदान 19 एप्रिल 2024 ला झालं, कंपनीनं त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी देली. आमचं वर्ध्याचं मतदान 26 ला. सुपरवायजर म्हणे, तुमची सुट्टी होऊन गेली, आता अर्धा दिवस टाका. मत देलं, दुपारी दोनला हजर झालो, तरी पगारात अर्धी हजेरी कापली. मला कोणी सांगा, हे बरोबर हाय का?

हिंगणा युनिट:
चौदा माणसांचं युनिट चालवतो, म्हणून दुसरी बाजूही ऐका. माझ्याकडे नागपूर, रामटेक, वर्धा, भंडारा, सगळीकडचे कामगार आहेत. प्रत्येकाच्या मतदारसंघाप्रमाणे सुट्टी दिली तर दोन शुक्रवार यंत्र बंद. सुट्टी म्हणजे जिथं कारखाना आहे तिथली. 19 ला दिली, विषय संपला.

जुना अव्वल कारकून:
नाही, संपला नाही. मतदानाला दोन वेगळे कागद असतात आणि तुम्ही दोन्ही एक करताय. एक कलम 25 ची सार्वजनिक सुट्टी, ती भागाप्रमाणे चालते. दुसरं लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चं कलम 135 ब, ते माणसाप्रमाणे चालतं. ज्या माणसाला त्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क आहे, त्याला मतदानाच्या दिवशी सुट्टी आणि पगार कापायचा नाही. रोजंदारीवाल्यालासुद्धा. कारखाना कुठं आहे हे ते कलम विचारत नाही. फिटरभाऊंचा मतदानाचा दिवस 26 एप्रिल होता, तर त्यांची भरपगारी सुट्टी 26 चीच. 19 ला त्यांना जी मिळाली ती कारखान्याची सुट्टी होती, तिच्या बदल्यात 26 ची कापता येत नाही.

हिंगणा युनिट:
त्याच कलमात धोक्याची आणि नुकसानीची सवलत आहे, ती सोडून सांगताय. माझी भट्टी थंड झाली तर दोन दिवस वाया.

जुना अव्वल कारकून:
आहे सवलत. ज्याच्या गैरहजेरीने कामात धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याच्यापुरती. भट्टीवरच्या माणसाला ती लागेल, पॅकिंगच्या सगळ्यांना नाही. आणि उद्योग व कामगार विभाग मतदानाआधी जे परिपत्रक काढतो त्यात पूर्ण सुट्टी शक्य नसेल तर काही तासांची सवलत असते, पण त्याला आधी परवानगी घ्यावी लागते. तुम्ही घेतली होती का?

हिंगणा युनिट:
नव्हती घेतली. ठीक आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या असोसिएशननेही फक्त 19 तारीखच कळवली होती. पण कायदा करणाऱ्यांनी लहान युनिटचा विचार केलेला नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

इतवारीचा व्यापारी:
म्हणजे यंदा 15 जानेवारीला महापालिकेच्या मतदानाला जी सुट्टी होती, तीही याच 135 ब ची.

जुना अव्वल कारकून:
नाही. 135 ब लोकसभा आणि विधानसभेपुरतं आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची. 15 जानेवारीची सुट्टी राज्याने मतदान असलेल्या महापालिका क्षेत्रांसाठी दिली होती.

बुटीबोरी फिटर:
बुटीबोरी महापालिकेत नाही. आमचे नागपूरचे पोरं त्या दिवशी कामावर होते, संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचायले धावपळ. मग त्यांचं काय?

हिंगणा युनिट:
क्षेत्राबाहेर कारखाना, तर सुट्टी लागूच नाही.

जुना अव्वल कारकून:
इतक्या लवकर निकाल देऊ नका. कामगार विभागाचे असे आदेश बरेचदा मतदार कुठं राहतो त्यावर लिहिलेले असतात. त्या पोरांनी तो आदेश काढून त्यातलं वाक्य वाचावं.

त्रिमूर्तीनगरकर:
मूळ प्रश्न माझा होता, म्हणून परत विचारते. रात्री अकराला पत्र आलं, मी हातात फोन घेऊन बसले आहे. नेमकं काय करू?

जुना अव्वल कारकून:
फिरत आलेली पीडीएफ वाचून ठरवू नका, तीच स्वतः शोधून उघडा. सामान्य प्रशासन विभागाचं gad.maharashtra.gov.in, आणि सरकारच्या बातम्यांचं महासंवाद. शासन निर्णय असेल तर शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. एकदा एक जण माझ्याकडे छापील पत्र घेऊन आला. वरची तारीख ताजी होती, जरा जाड अक्षरात, आणि खाली संकेतांकाची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. जुन्या पत्रावर कोणीतरी नवी तारीख चिकटवलेली.

पण संकेतांक नाही म्हणून खोटं, असंही धरू नका. सुट्टीची अधिसूचना राजपत्रात छापली जाते, तिचा साचा वेगळा. राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, असं त्यात असतं.

त्रिमूर्तीनगरकर:
आणि संकेतस्थळावर सकाळपर्यंत काहीच चढलं नाही तर? मंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं आणि कागद दुसऱ्या दिवशी दुपारी, हे होत नाही का?

जुना अव्वल कारकून:
होतं. तिथं तुमचा राग रास्त आहे. कागद हातात येईपर्यंत आम्ही कार्यालय उघडं ठेवायचो. खाजगी नोकरीत मालकाचा लेखी निरोप येईपर्यंत कामाचा दिवस धरा.

त्रिमूर्तीनगरकर:
म्हणजे उशीर सरकारने करायचा आणि बस पकडून आम्ही जायचं. दुखवटा म्हणजे सुट्टी नाही, एवढं पटलं. बाकीचं नाही पटलं.

बुटीबोरी फिटर:
काका, 135 ब खाली मालकाला दंड किती?

जुना अव्वल कारकून:
500 रुपयांपर्यंत.

बुटीबोरी फिटर:
माझी अर्धी हजेरीच त्याच्या जवळपास जाते. तरी 26 एप्रिलची पगाराची पावती सापडली मला, त्यावर "अर्धा दिवस" छापलेलं आहे. सोमवारी कामगार आयुक्तालयाच्या नागपूर कार्यालयात घेऊन जातो.