सहा तोंडांत अख्खं वाक्य : कागदी पात्राला बोलतं करण्याचे अनुभव

कात्रीवाली

काल कपाट आवरताना जुन्या वहीतून एक पाकीट पडलं. आत कागदाची सहा तोंडं होती, प्रत्येक नखाएवढं. मिटलेलं, दात दिसणारं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, गोल आणि चंबू. बारा वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या बहिणीने कटआउटची एक छोटी फिल्म केली होती, त्यातल्या मुलीची ही तोंडं. आवाज बहिणीचा, तेव्हा ती आठ वर्षांची होती. हातात घेतल्यावर तिचं ते वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं: "आई, माझं पुस्तक कुठं ठेवलंस?"

वाक्य बरोबर दोन सेकंदांचं. आम्ही सेकंदाला बारा चित्रं काढत होतो, म्हणजे चोवीस चित्रं. पहिल्या वेळी मी कागदावर वाक्य लिहून प्रत्येक अक्षराला एक तोंड लावलं. चालवून पाहिलं तर मुलगी बोलत नव्हती, काहीतरी चावत होती. शिवाय 'पुस्तक'चा प नेहमी उशिरा यायचा. दोन दिवस कळेना, कारण प जिथे ऐकू येत होता तिथेच मी मिटलेलं तोंड ठेवलं होतं.

मग आरशासमोर उभी राहून सावकाश 'पुस्तक' म्हटलं. ओठ आधी मिटतात आणि उघडताना आवाज फुटतो. प ऐकू येतो त्या क्षणी तोंड उघडायला लागलेलंसुद्धा असतं! प बाराव्या चित्रावर ऐकू येत होता, मिटलेलं तोंड अकराव्यावर नेलं आणि वाक्य जागेवर बसलं.

शेवटी ठरलेला क्रम वहीत सापडला. आ १ ते ३ पूर्ण उघडं, ई ४-५ दात, मग ६-७ मिटलेलं (स्वल्पविरामाची थांबण आणि 'माझं'चा म एकातच), मा ८-९ पूर्ण उघडं, झं १० अर्धं, प ११ मिटलेलं, पु १२-१३ चंबू, स्त १४ दात, तक १५ अर्धं, कु १६-१७ चंबू, ठं १८ अर्धं, ठे १९-२० दात, वलं २१-२२ अर्धं, स २३-२४ दात. गोल तोंड या वाक्यात एकदाही लागलं नाही.

तुम्ही कुणी हे केलंय का? कसं जमवलंत, कुठे अडलात, सगळं लिहा.

संध्याछाया

पोच देते. कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

भटक्या_७१

आमच्या स्नेहसंमेलनात गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं आणि आम्ही नुसते ओठ हलवत होतो. दुसऱ्या कडव्याला टेप अडकली आणि तोंड उघडं टाकून सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. लिप-सिंकचा तेवढाच अनुभव.

कात्रीवाली

@भटक्या_७१ मी चित्रातल्या पात्राबद्दल विचारत होते, पण हेही वाचायला मजा आली :)

रेघोट्या

मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरवर कटआउटच करतो. ताई, तुमचा प अगदी बरोबर पकडलात. प, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात. प्रेक्षक बाकी सगळं माफ करतो, पण 'बाबा' ऐकू येतंय आणि ओठ उघडे आहेत हे त्याला लगेच खटकतं. मी रेकॉर्डिंग ऐकताना आधी फक्त मिटलेल्या जागा मारून घेतो. त्यानंतर मोठे आ, मग ओ-उ. मधल्या त, क, न, ग वगैरेंना जागा उरली तर दात किंवा अर्धं तोंड, नाहीतर आधीच्याच तोंडावर चालू देतो. 'पुस्तक'मध्ये चंबू स्त वरही तसाच चालू राहिला असता तरी चाललं असतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. वरचा जबडा कवटीला पक्का असतो, हलतो तो खालचा. म्हणून सहाही तोंडांत वरचे दात नाकापासून त्याच अंतरावर हवेत. आकार मोठा होईल तो फक्त खाली, आणि पूर्ण उघड्या तोंडाला हनुवटीही थोडी उतरते. नवशिका प्रत्येक तोंड मध्यबिंदूवर ठेवतो. मग आ म्हणताना वरचा ओठ नाकात घुसतो आणि चेहरा रबराचा वाटतो. कागदावर हे कसं सांभाळलंत?

कात्रीवाली

@रेघोट्या नाही सांभाळलं! आत्ता तोंडं एकावर एक ठेवून पाहिली. सगळी मध्यावर आहेत. फिल्ममध्ये ती 'आई' म्हणताना दचकल्यासारखी का दिसते ते आज कळलं. तोंड परत त्याच जागी बसावं म्हणून गालावर पेन्सिलचे दोन बारीक ठिपके होते. मागे मेणाचा थेंब लावायचे आणि चिमट्याने उचलायचे.

मीरा_लिहिते

मुलांना शिकवताना आम्ही सोपा नियम सांगतो, एक अक्षर एक तोंड. मराठी उच्चाराप्रमाणेच लिहिली जाते, त्यामुळे इंग्रजीसारखी अडचण येत नाही.

रेघोट्या

@मीरा_लिहिते, इंग्रजीपेक्षा सोपं हे खरं, पण पूर्ण खरं नाही. 'पुस्तक' लिहिताना शेवटी क आहे, म्हणताना त्यातला अ कुणी म्हणत नाही. तिथे तोंड उघडं ठेवलंत तर 'पुस्तकऽ' दिसतं. 'नाही' लिहायचं आणि बोलताना 'नै' व्हायचं, हे तर रोजचं. तोंड कागदाकडे बघून लावायचं नाही, रेकॉर्डिंग ऐकून लावायचं.

मीरा_लिहिते

हं, हा 'पुस्तक'चा मुद्दा पटला. पण पहिल्या दिवशी मुलांना एवढं सांगितलं तर ती गोंधळतात. पहिल्या दिवसापुरता माझा नियम राहू द्या.

संध्याछाया

आले परत. माझ्या भावाला लहानपणापासून ऐकू येत नाही, तो ओठ वाचतो. त्याच्यामुळे मला एक कळलं, की 'पान', 'बाण' आणि 'मान' त्याला ओठांवर सारखेच दिसतात. तो पुढच्यामागच्या बोलण्यावरून ओळखतो. क आणि ग तर घशाशी होतात, बाहेर काही दिसतच नाही. तुम्ही एका मिटलेल्या तोंडात चार अक्षरं बसवता ना, ते म्हणूनच चालत असणार.

कार्टून बघताना तो आवाज नसतानाही सांगतो की इथे नुसतंच तोंड हलवलंय. एकदा म्हणाला (खुणांनी), "हा माणूस फक्त 'आ आ आ' म्हणतोय." खरंच त्या पात्राला दोनच तोंडं होती, उघडं आणि मिटलेलं.

कात्रीवाली

@संध्याछाया ताई, हे मनाला लागलं. तुमच्या भावाला माझं वाक्य दाखवाल का? त्याला काय वाचता येतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

संध्याछाया

दाखवते गं. तो खरं ते सांगेल, तयारी ठेव.

ओंकार_प

ऑफिसच्या बसमधून लिहितोय. मी ऱ्हुबार्ब वापरतो, ते आवाज ऐकून तोंडांची यादी काढून देतं. पहिल्यांदा तसंच चालवलं तर मराठी वाक्यात इंग्रजी शब्द शोधत बसलं, कारण मी पर्याय बदलला नव्हता. नुसत्या ध्वनीवरून चालवायचं असेल तर असं:

```
rhubarb -r phonetic -o sanvad.tsv sanvad.wav
```

यादीत वेळ आणि अक्षर येतं. `A` मिटलेलं, `B` दात, `C` अर्धं, `D` पूर्ण उघडं, `E` गोल, `F` चंबू. म्हणजे कात्रीवालीच्या पाकिटातली सहाच! शिवाय `G` हे फ-व साठी, `H` ल साठी आणि `X` गप्प बसलेलं, पण ही तीन नसली तरी भागतं. यादी आली की मिटलेल्या जागा मी हाताने तपासतो, अर्ध्याअधिक वेळा एखादी सरकवावी लागते.

जुईली

@ओंकार_प गप्प बसलेलं आणि मिटलेलं वेगळं कशाला? दोन्ही बंदच ना?

ओंकार_प

म-प च्या वेळी ओठ किंचित दाबलेले असतात. गप्प असताना सैल. मी दोन्ही काढतो, पण लांबच्या दृश्यात फरक दिसत नाही.

जुईली

आभार. माझं पात्र म्हणजे मिशाळ आजोबा आहेत, वरचा ओठ दिसतच नाही. मी खालचा ओठ आणि हनुवटीच काढलीय, चार आकारांत. पण 'वाघोबा' म्हणताना व ला काय करू?

रेघोट्या

व वर माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं कायम वाजतं. इंग्रजी व्ही ला खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, मराठी व तेवढा घट्ट टेकत नाही. 'वाघ' म्हणताना तो दात-ओठाचा आकार लावला तर पात्र परदेशी वाटतं असं माझं मत. मी हलका चंबू लावतो. तो म्हणतो की 'विहीर' म्हणून बघ, दात लागतातच. आणि लागतात, थोडे. फ चंही तेच. कुणी 'फूल' ओठ मिटून म्हणतो, कुणी दात लावून. आवाज देणारा माणूस कसा म्हणतोय ते बघणं एवढंच हातात आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी फोनवर त्याच्या तोंडाचा व्हिडिओ घेऊन ठेवा, फार कामी येतो.

जुईली

मिशाळ आजोबांना दात नाहीतच, मग चंबूच :)

आभा_ध्वनी

मी डबिंग करते, माझं काम नेमकं उलटं. तोंडं आधीच हललेली असतात आणि मला शब्द त्यांत बसवावे लागतात. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प-ब-म असलेला शब्द शोधायचा. एकदा 'आता निघ'च्या जागी 'आता पळ' केलं, केवळ शेवटच्या शब्दाला ओठ मिटत होते म्हणून. तुमचा धागा वाचून वाटलं, चित्र काढणारे आमचंच ओझं दुसऱ्या टोकाने उचलतायत.

एक विचारते. मिटलेलं तोंड किती आधी ठेवता? मला पडद्यावर ओठ आवाजाच्या जरा आधी हललेले चालतात, नंतर हललेले अजिबात नाही.

रेघोट्या

सेकंदाला चोवीस चित्रं असतील तर मी दोन आधी, आणि मिटलेलं किमान दोन चित्रं टिकवतो, एकात डोळ्याला दिसत नाही. जागा नसेल तर शेजारच्या स्वराची चोरतो.

ओंकार_प

मी एकच आधी. दोन केलं की मला ते घाई केल्यासारखं दिसतं.

आभा_ध्वनी

म्हणजे इथेही एकमत नाही. छान.

भटक्या_७१

सगळं वाचलं. आरशासमोर 'पुस्तक' म्हणत होतो, नातवाने विचारलं आजोबा काय करताय. आता दोघं मिळून 'बाबा', 'पाणी', 'मामा' म्हणतोय. तो म्हणतो ओठ मिटून ब म्हणताच येत नाही, आधी उघडायला लागतात.

संध्याछाया

@कात्रीवाली भावाला तुझं वाक्य आवाज बंद करून दाखवलं. त्याने लिहून दिलं: "आई, माझं पुस्तक" आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'कुठं ठेवलंस' त्याला वाचता आलं नाही. म्हणाला शेवटी तोंड उघडं आणि दात, उघडं आणि दात, एवढंच दिसतंय.

कात्रीवाली

पुस्तकापर्यंत पोचला! ताई, त्याला माझ्याकडून खूप खूप थँक्यू सांगा. 'ठेवलंस'मध्ये मी व ला काहीच दिलं नव्हतं, ठे नंतर थेट अर्धं तोंड. एकविसाव्या चित्रावर हलका चंबू ठेवून बघते. आज सहाही तोंडं वरचे दात एका रेषेत धरून नव्याने कापायला घेतलीत. बहिणीला फोन केला होता, तिला ते वाक्य अजून तोंडपाठ आहे, पण आवाज जुनाच ठेवणार.