प्लॅन बदलला, बाग गायब: महारेरात तक्रार केलेल्यांनी अनुभव लिहा

निशिगंधा_मुलुंड
काल नणंदेने पझेशनच्या कागदांचे फोटो पाठवले. "वहिनी, सह्या करून टाकू ना?" चावीची पावती आणि सोसायटीचा फॉर्म यांच्या मधोमध एक पान होतं: मंजूर नकाशात यापुढे होणाऱ्या सर्व बदलांना माझी संमती आहे. वाचलं आणि आमची सगळी भानगड आठवली.

आमच्या अ‍ॅग्रीमेंटच्या परिशिष्टात पोडियमवर बाग आणि तिला लागून व्यायामशाळा लिहिली होती. ताबा घ्यायला गेलो तर बागेच्या जागी पार्किंगचे पिवळे पट्टे, व्यायामशाळेला कुलूप आणि आत टाइल्सची खोकी. वर दोन मजले जास्तीचे. साइटवरचा माणूस म्हणाला, "दोन तृतीयांश लोकांची संमती आहे मॅडम, पालिकेने पास केलंय."

आम्ही तक्रार टाकली आणि पहिली मागणी केली ती संमतीपत्रांची. निघाली ५२. एकूण फ्लॅट ८४. त्यातले ९ बिल्डरकडेच पडून होते, ते मोजायचे नाहीत. राहिले ७५. एका कुटुंबाचे तीन फ्लॅट, पण कायद्याने ते एकच खरेदीदार, म्हणजे ७३. दोन तृतीयांश म्हणजे ४९ पत्रं हवीत. आता ५२ कडे वळा. त्या कुटुंबाची तीन पत्रं म्हणजे एकच, राहिली ५०. चार पत्रांवरची तारीख सुधारित नकाशा मंजूर झाल्यानंतरची. संमती आधी घ्यायची असते. उरली ४६. सुनावणीत महारेराच्या साहेबांनी बिल्डरच्या वकिलाला विचारलं, हे गणित चुकलंय का सांगा. वकील फाइल चाळत बसला.

पुढचं नंतर लिहिते, कुकर लावायचाय. तुमचं सांगा.

चिंतामणी_के
ओसी, म्हणजे इमारत वापरायचा पालिकेचा दाखला, आली होती ना? मग संपलं. ओसीनंतर रेरा लागू होत नाही. आमच्या चाळीतल्या एकाने फुकट पैसे घातले.

गण्या_गिरगावकर
आमच्या ब्रोशरमध्ये तरणतलाव होता. आता तिथे पाण्याची टाकी आहे. पाणी तर आहे, तक्रार कसली करता 😄

अ‍ॅड_वसुधा
चिंतामणी काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. रेरा कायदा २०१७च्या मे महिन्यात पूर्ण लागू झाला. त्याआधीच ओसी मिळालेल्या इमारतीला नोंदणी लागत नव्हती, तिथे महारेरा सहसा हात घालत नाही. पण नोंदलेल्या प्रकल्पाला ओसी मिळाली म्हणून बिल्डर सुटत नाही. बांधकामातल्या दोषाला तर ताब्यापासून पाच वर्षं तो बांधील आहे.

निशिगंधाताई, तारखांचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. लोक पत्रं मोजतात, तारखा बघतच नाहीत. आणि पालिकेने पास केलं हे उत्तर पुरेसं नाही. बिल्डिंग प्रपोजल खातं नियमांत बसतं का ते बघतं. तुम्हाला विचारलं का, हा वेगळा प्रश्न, तो रेराच्या कलम १४चा. नणंदेच्या त्या पानासारखी सरसकट संमतीही चालत नाही. मोफा या फ्लॅटविक्रीच्या जुन्या कायद्याखाली मधुविहारच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने २०१० मध्येच म्हटलंय की नेमका कुठला बदल हे दाखवून घेतलेली संमतीच खरी. तरी सही करू देऊ नका, नंतर भांडत बसावं लागतं.

स्मिता_पार्ले
ताई आमची रिडेव्हलपमेंट आहे. जुने सभासद आम्ही. कार्पेट २० फूट कमी दिलंय आणि भाडंही थकलंय. आम्हीपण टाकू का महारेरात?

अ‍ॅड_वसुधा
स्मिता, तुमचा विषय वेगळा. महारेरा मुख्यतः विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. जुन्या सभासदांना तिथे खरेदीदार धरत नाहीत. तुमचा आधार सोसायटीने केलेला डेव्हलपमेंट करार. त्यात लवादाचं कलम आहे का, आधी ते बघा.

स्मिता_पार्ले
करार सेक्रेटरीच्या कपाटात. सेक्रेटरी अमेरिकेत मुलीकडे 🙏

राजू_ठाकूर_व्हिलेज
आमचा क्लबहाऊस फेज तीनमध्ये आहे म्हणे. फेज तीनचा अजून खड्डाही नाही. आम्ही फेज एकवाले, मेंटेनन्स मात्र क्लबहाऊसचा धरून घेतलाय.

अ‍ॅड_वसुधा
राजू, ही नेहमीची खेळी. प्रत्येक इमारत वेगळा प्रकल्प म्हणून नोंदवायची आणि सामाईक सोय शेवटच्या नोंदणीत टाकायची. मग तुमच्या प्रकल्पाची पूर्तता कागदावर झालेली दिसते. महारेराच्या साइटवर दोन्ही नोंदणी क्रमांक टाका आणि क्लबहाऊस कुठल्या पानावर दाखवलाय, पूर्ण करायची तारीख काय, ती किती वेळा वाढवली ते उतरवून घ्या. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये क्लबहाऊस असेल तर तुमची बाजू भक्कम. नुसत्या ब्रोशरमध्ये असेल तर कलम १२ वापरता येतं, पण बिल्डर खालची बारीक ओळ दाखवतो, कलाकाराची कल्पना वगैरे.

राजू_ठाकूर_व्हिलेज
बारीक ओळ आहे. च्यायला.

पल्लवी२२
माझ्या भावाने टाकलीये. फी ५००० गेली. साठ दिवसांत निकाल लागतो ना?

निशिगंधा_मुलुंड
पल्लवी, साठ दिवस कायद्यात आहेत खरे, तिथेच आहेत. आमचं आधी नुसत्या तारखेची वाट बघणं चाललं होतं. सुनावणी ऑनलाइन होते हे बरं. मी एकदा भाजी निवडत बसले होते, नाव पुकारल्यावर म्यूट काढेपर्यंत घाम.

हां, राहिलेलं. संमती अपुरी आहे असं आदेशात आलं. बाग आणि व्यायामशाळा अमुक तारखेपर्यंत द्या असंही आलं. दोन मजल्यांना मात्र हात लावला नाही, तिथे माणसं राहायला आलेली. भरपाई हवी तर फॉर्म बी भरून न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करा म्हणाले. आम्ही फॉर्म ए भरला होता, ते खातं वेगळं.

तात्या_भांडुप
आदेश मिळून काय उपयोग? आमच्या बाजूने व्याजाचा आदेश आहे. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात पडलंय. तलाठी म्हणतो मालमत्ता दाखवा. बिल्डर त्याच इमारतीत आठव्या मजल्यावर राहतो, लिफ्टमध्ये भेटतो, गणपतीची वर्गणीही देतो.

गण्या_गिरगावकर
तात्या, वर्गणीचं पावतीपुस्तक जोडा. पत्ता सापडला 😂

अ‍ॅड_वसुधा
हसू नका, फ्लॅट त्याच्या नावावर असेल तर खरंच कामाचं आहे. तात्या, फ्लॅट कुणाच्या नावावर ते दाखवणारी इंडेक्स टूची प्रत काढा आणि मालमत्तेचा तपशील लेखी द्या. मात्र आदेश कंपनीवर आणि फ्लॅट बायकोच्या नावावर असेल तर अवघड.

तात्या_भांडुप
बायकोच्याच नावावर आहे.

चिंतामणी_के
तेच म्हणतो मी. फुकट पैसे.

निशिगंधा_मुलुंड
काका, व्यायामशाळा उघडली हो, टाइल्स उचलल्या त्यांनी! ट्रेडमिल दोन आलेत, एक चालतो. बागेचं अडलंय. ती आता गच्चीवर देतो म्हणतात आणि आर्किटेक्टचं पत्र जोडलंय, किरकोळ बदल म्हणून. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. वसुधाताई, ह्याला किरकोळ म्हणता येतं का?

अ‍ॅड_वसुधा
माझ्या मते नाही. किरकोळ बदलाची सवलत वास्तुरचनेच्या किंवा स्ट्रक्चरच्या कारणासाठी, तुमच्या घरापुरती. पोडियमवरची सामाईक बाग गच्चीवर नेणं त्यात बसवणं कठीण. पण समोरचा वाद घालणार. पत्रात कारण काय लिहिलंय? आणि बिल्डर अपिलात गेलाय का? गेला असेल तर हा मुद्दा तिथेच मांडावा लागेल.

निशिगंधा_मुलुंड
कारण लिहिलंय, "वाहनतळाची वाढीव गरज." अपिलाचं सोसायटीच्या वकिलांना विचारून सांगते.

स्मिता_पार्ले
वाढीव गरज म्हणजे त्या दोन मजल्यांच्याच गाड्या ना गं?